आगीच्या दिवशीचा माल

वैशाखातल्या एका मंगळवारी दुपारी आमच्या कापडाच्या दुकानाला आग लागली. माझा थोरला भाऊ दुकानात होता. संध्याकाळी त्याला मातीखालून काढलं.

मी तेव्हा औरंगाबादेला शाळेत शिकवत होतो. तार मिळून मी गेवराईला पोचलो तोवर दादाला अग्नी देऊन झाला होता. घरात शिरलो तर ओसरीवर आबा बसलेले, तोंड रस्त्याकडे. ते माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "आलास व्हय." आतून वहिनीचा आवाज येत नव्हता. मला वाटलं ती झोपली असेल. ती भिंतीला टेकून जागीच होती.

त्यामुळे दादाचं शेवटचं मी काहीच पाहिलेलं नाही. मला जे माहीत आहे ते लोकांनी सांगितलेलं आहे, आणि पुढं विम्याच्या चौकशीत जे निघालं ते.

आमच्या शेजारी भडभुंज्याची भट्टी होती. वर पाचटाचं छप्पर. वैशाखातला वारा सुटला होता, ठिणगी छपराला लागली आणि तिथून आमच्या दुकानाच्या लाकडी फळ्यांना. आमचं दुकान पुढून लाकडी, वरून माळवदाचं. सागाच्या तुळया, त्यांवर लाकडी पट्ट्यांचं किलचन, आणि वर हातभर पांढऱ्या मातीचा थर. तुळया जळाल्या तशी ती सगळी माती खाली आली. दादा आतल्या खोलीतून गाठोडी बाहेर काढत होता. तीन गाठोडी रस्त्यावर आणून टाकली, चौथ्यासाठी आत गेला.

ती गाठोडी आमची नव्हती. ते लोकांचे बस्ते होते. आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं दुकानात येऊन बसतात आणि लुगडी, खण, धोतरं, पागोटी असा सगळा बस्ता एकदम बांधतात. पैसे तिथंच चुकते करायचे आणि गाठोडं दुकानातच ठेवायचं, अशी आमच्या दुकानाची रीत होती. घरात उंदीर, पाहुणे, कुणाची नजर. मग लग्नाच्या आधी चांगला दिवस बघून गाडी घेऊन यायचं आणि वाजतगाजत बस्ता न्यायचा. दुकानाच्या आतल्या खोलीत हळदीकुंकू लावलेली गाठोडी एकावर एक रचलेली असत. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर गावाचं नाव.

दहावा झाला, तेरावा व्हायचा होता. सुतक चालू असतानाच एक दिवस मांजरसुंब्याकडून बैलगाडी आली आणि दाराशी उभी राहिली. गाडीत कापडाची एक गाठ होती, गोणपाटात शिवलेली. मुंबईच्या आडत्याकडून दादानं ती मागवली होती. रेल्वेनं नगरला, तिथून मोटारीनं मांजरसुंब्याला, आणि पुढं गाडीनं आमच्याकडं. गाडीवान म्हणाला, "दुकानात न्हेऊ का हितंच टाकू?" त्याला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, इथंच टाका. ती गाठ अंगणात पडून राहिली. घरातलं कुणी तिला हात लावेना. रात्री पाणी प्यायला उठलं की ती अंगणात बसलेल्या माणसासारखी दिसे.

विमा दादानंच उतरवला होता. खरं तर आडत्यानं. तो उधारीवर माल द्यायचा आणि त्याची अट होती की दुकानाचा विमा पाहिजे. सहा हजार कलदारचा, म्हणजे इंग्रजी रुपयांचा विमा होता. आबांना हे कधीच पटलं नव्हतं. ते म्हणत, "दुकान जळंल म्हणून आधीच पैसं भरायचं? असलं अभद्र कुणी करतं का?"

तेराव्यानंतर मुंबईहून विमा कंपनीचे सर्वेयर आले. पारशी गृहस्थ, साठीच्या पुढचे, डोक्यावर काळी टोपी, पायात धूळ भरलेले बूट. मराठी चांगलं बोलायचे, जरा जपून, जणू उसनं आणलेलं भांडं वापरताहेत. ते धर्मशाळेत उतरले. पहिल्या दिवशी त्यांनी पोलीस अमिनानं केलेला पंचनामा मागितला. तो उर्दूत होता, मी त्यांना वाचून दाखवला. त्यात भडभुंज्याच्या भट्टीचं लिहिलं होतं आणि दादाचंही. दादाचं आलं तिथं मी थांबलो. ते म्हणाले, "तेवढं वाचलं नाही तरी चालेल." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण मला लागेल." मी वाचलं.

दुकानातली तिजोरी लोखंडी होती, आगीत लालभडक झालेली. गावातल्या लोकांनी त्याच दिवशी ती फोडायची घाई केली होती, पण आमच्या सोनारानं त्यांना अडवलं. गरम तिजोरीला वारा लागला तर आतला कागद पेट घेतो, म्हणाला. पूर्ण थंड होईपर्यंत थांबून ती उघडली तेव्हा आतल्या वह्या कडांना तपकिरी झालेल्या होत्या, पण वाचता येत होत्या. चालू सालची रोजकीर्द आणि त्याआधीच्या सालची. त्यापूर्वीच्या वह्या माळ्यावर होत्या, त्या गेल्या.

वह्यांत दादाचं मोडी अक्षर होतं. सर्वेयरसाहेबांना मोडी येत नव्हती, म्हणून मी वाचायचो आणि ते लिहून घ्यायचे. सगळा दिवस मी दादाचं अक्षर मोठ्यानं वाचत होतो. त्याचा 'न' नेहमी पुढच्या अक्षराला ओढत न्यायचा, ते मला लहानपणापासून माहीत होतं. आता त्या 'न'पाशी येऊन माझी जीभ अडखळायची.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. आगीच्या दिवशी, आग लागण्याआधी, दुकानात माल किती होता.

"जळलेला माल मोजता येत नाही," ते म्हणाले. "म्हणून वहीतून काढायचा. दिवाळीला मोजलेला माल किती, त्यानंतर आणलेला किती. दोन्हींची बेरीज. त्यातून विकलेला वजा. पण विक्री तुम्ही नफा धरून लिहिता, म्हणून विक्रीतून आधी नफा काढायचा, म्हणजे त्या मालाची मूळ किंमत राहते. ती वजा केली की उरेल तो आगीच्या दिवशीचा माल."

दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आधी दादा सगळा माल खरेदीच्या भावानं मोजायचा. आमची वही निजामाच्या हाली रुपयांत, आडत्याची बिलं आणि विमा कलदारात. साहेबांनी सगळं कलदारात आणलं. दिवाळीचा माल सात हजार. दिवाळीनंतरची खरेदी नऊ हजार सहाशे. ते लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"बाहेर अंगणात एक गाठ आहे. ती यात आहे का?"

दादानं ते बिल आलं त्याच दिवशी वहीत चढवलं होतं. गाठ आली ती त्याच्यानंतर.

"मग ती दुकानात नव्हती," साहेब म्हणाले, आणि सहाशे रुपये खोडले. खरेदी नऊ हजार राहिली. दोन्ही मिळून सोळा हजार. दिवाळीपासून आगीच्या आदल्या दिवसापर्यंतची विक्री दहा हजार.

"बस्त्याचे पैसे आलेले विक्रीत आहेत ना?"

"आहेत. पैसे त्याच दिवशी जमा केलेले."

"मग जे बस्ते आत पडून होते ते तुमचा माल नव्हे. विकलेला माल लोकांचा. विमा तुमच्या स्वतःच्या मालाचा आहे, दुसऱ्याच्या ठेवीचा नाही. तो आपण धरणार नाही."

मग त्यांनी आबांना विचारलं, नफा किती घेता.

आबा त्या दिवसांत क्वचितच बोलत. ते म्हणाले, "विकल्या रुपयाला चार आने." ते तसंच सांगत आले होते. मागच्या सालच्या वहीवरूनही तेच निघालं, चार आणे. साहेबांनी दहा हजारांतून अडीच हजार नफा काढला. मूळ किंमत साडेसात हजार. सोळा हजारांतून ती वजा केली. साडेआठ हजार.

दुसऱ्या दिवशी ते दुकानाच्या जागेत उतरले. सोबत दोन मजूर आणि मी. माती बाजूला सारायला सुरुवात झाली. तेव्हा मला एक गोष्ट कळली. कापडाचे तागे फळीवर घट्ट रचलेले असले की ते कागदासारखे भसकन जळत नाहीत. कडा जळतात, आतल्या घड्या राहतात. आणि वरून माती पडल्यामुळं आग दबली होती. म्हणून एकेका फळीच्या जागी काळ्या पडलेल्या थप्प्या तशाच उभ्या होत्या. साहेब काठीनं थप्पी उलगडून घड्या मोजायचे, मधला न जळलेला तुकडा बघून कापड ओळखायचे आणि मला विचारायचे, हे काय. मी सांगायचो, हे अहमदाबादचं धोतर, ही इचलकरंजीची लुगडी. जी माती दादाच्या अंगावर पडली त्या मातीनंच हा माल मोजण्याइतका ठेवला होता.

संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर बसून साहेबांनी बेरीज केली. दोनदा केली. मग चष्मा काढला.

"इथं कितीही धरलं तरी सात हजार, फार तर सव्वासात हजारांचा माल होता. वही म्हणते साडेआठ हजार."

मी म्हटलं, बाकीचा जळून गेला असेल.

"थप्पीच्या जागा मी मोजल्या आहेत. रिकाम्या फळ्या धरूनसुद्धा बाराशे रुपयांचा माल कमी आहे." त्यांनी चष्मा पुसला. "तुमचे भाऊ दुसरीकडं कुठं माल ठेवत होते का? कुणाकडं?"

मी नाही म्हणालो. पण मला त्यांच्या प्रश्नाचा अर्थ कळला होता, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. गावात आधीच कुजबुज होती. बाजारात माझ्यामागं एकजण बोलताना मी ऐकलं होतं, "विम्यासाठीच लावली असंल बे. आधी माल हलवला, मंग काडी. आन् सवता अडकला." दुसरा हसला होता. बाराशे रुपयांचा माल आगीच्या आधी गेला असं ठरलं असतं, तर कंपनी एक पैसा देणार नव्हती. पण मला त्या रात्री पैशाचं काही वाटत नव्हतं. दादा चोर होता का, एवढंच मला हवं होतं. आणि ते कुणाला विचारायचं तर विचारायचं माणूस नव्हतं.

घरी मी ते कुणाला सांगितलं नाही. जेवताना वहिनीनं सवयीनं एक पान जास्त मांडलं. ते दादाचं होतं. मग तिनं ते तसंच उचलून आत नेलं. ती आत गेल्यावर मी पाहिलं, आबांचे डोळे त्या रिकाम्या जागेवर होते. त्यांनी विचारलं, "सायब काय म्हनला?"

"अजून हिशेब चालू आहे."

"माल जास्ती दावा म्हनावं. जितका माल जास्ती तितकं जास्ती मिळंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आमच्या ओसरीवर वह्या पसरून बसले होते. इतक्यात बाहेर बैलांच्या घंट्या वाजल्या. गाडी थांबली आणि मोठ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "काय शेट, दुकान काळं केलं म्हनं! आमचा बस्ता शेकून ठिवलाय का कच्चाच हाय?"

तलवाड्याचा शेतकरी होता. मुलीच्या लग्नाचा बस्ता न्यायला गाडी सजवून आला होता, बैलांच्या शिंगांना गोंडे. आगीचं त्याला वाटेत कळलं होतं, दुसरं काही कळलं नव्हतं. तो हसतच पायरीपाशी आला आणि आबांच्या भादरलेल्या डोक्याकडं बघून थांबला. मग माझ्याकडं बघितलं. माझंही तसंच होतं.

"कोन गेलं?"

आबांनी रस्त्याकडं तोंड फिरवलं.

"थोरलं मालक?"

तो पायरीवरच बसला. डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "मला न्हाई म्हाईत. म्या असं वरडत आलो. मला न्हाई म्हाईत, शेट."

"तुजा बस्ता जळाला," आबा म्हणाले. "तू बांधायला बसलास त्या दिवशी म्या हुतो. आम्ही दिऊ तुला दुसरा."

"बस्त्याचं काय घिऊन बसलाव. लगीन हुईल का न्हाई हुईल." तो डोळे पुसत होता. "एक साल शिंहस्तात गेलं, पोरगी घरात बसून. गोदागंगेच्या आलीकडं चालतं म्हनं शास्त्रात, पर आपल्याकडं कुनी करतं का? आता शिंहस्त उठला तसं सारी दुनिया लगनं करायला लागली. तुमच्याकडं पाय ठिवायला जागा न्हवती. तरी थोरल्या मालकानं आमच्या पोरीला हिरवं लुगडं आण्यावर दिलं. रुपयाला आना. म्या म्हनलो, गर्दी हाय, वाढवून घ्या, तर म्हनलं, लेकीच्या लुगड्यावर आम्ही ह्याहून जास्ती नफा घेत न्हाई."

साहेबांची लेखणी थांबली होती.

"थांबा," ते म्हणाले. "सिंहस्थ म्हणजे काय?"

मी सांगायला लागलो. गुरू सिंह राशीत असतो तेव्हा वर्षभर आमच्याकडं लग्नं होत नाहीत. बारा वर्षांतून एकदा. मागचं साल पूर्ण सिंहस्थात गेलं होतं.

"म्हणजे मागच्या सालच्या वहीत लग्नाची विक्री नाही?"

"नाही. एकही बस्ता नाही."

"आणि या सालात?"

आबा म्हणाले, "ह्या सालात दुसरं काय हाय? दोन सालची लगनं एका सालात."

"आणि बस्त्यावर नफा चार आणे नाही?"

आबांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू साहेबांनी काहीतरी लहान मुलासारखं विचारलं. "बस्त्याला आना. आमच्या बापापासनं. बाकीच्या किरकोळीला चार आने. तुम्ही नफा किती इचारलं, म्या नफा सांगितला. बस्त्याचं तुम्ही इचारलं न्हाई."

सर्वेयरसाहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी नवा कागद घेतला. "मागच्या सालचा नफा या सालच्या विक्रीला लावता येतो, पण विक्री त्याच जातीची असेल तरच. मी तशीच धरली." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पण कुणाच्या शब्दावर मी हे लिहू शकत नाही. वहीत बस्त्यांची विक्री वेगळी काढा."

दादा बस्त्याच्या ओळीला डावीकडं छोटं स्वस्तिक काढायचा. त्यात लपवलेलं काही नव्हतं, मी ती स्वस्तिकं रोज वाचतच होतो. फक्त मला वाटत होतं ती शुभाची खूण आहे. ती तशीच होती, पण फक्त बस्त्यांना. दिवसभर बसून आम्ही त्या ओळी वेगळ्या केल्या. साहेबांनी मधूनमधून एखादं लुगडं निवडलं, आडत्याच्या बिलात त्याचा खरेदीचा भाव शोधला, दादानं विकलेला भाव शेजारी मांडला. प्रत्येक वेळी फरक रुपयाला एक आणा आला.

बस्त्यांची विक्री सहा हजार चारशे निघाली. त्यातला नफा चारशे, म्हणजे मूळ किंमत सहा हजार. किरकोळ विक्री तीन हजार सहाशे, तिच्यावर चार आण्यांनी नऊशे नफा, मूळ किंमत दोन हजार सातशे. एकूण आठ हजार सातशेंचा माल विकला गेला होता. सोळा हजारांतून ते वजा केले. सात हजार तीनशे.

साहेबांनी कालचा कागद काढून शेजारी ठेवला. थप्प्यांवरून त्यांनी काढलेला आकडा आणि हा, जवळजवळ एकच होते.

"मंगळवारची सकाळची विक्री वहीत नाही," ते म्हणाले. "थोडा फरक त्याचा असेल. पुरे आहे. माल कुठं गेला नव्हता. तो विकला गेला होता, स्वस्तात."

मी मान खाली घातली. तलवाड्याचा माणूस अजून पायरीवर होता. त्याला हिशेब कळला नव्हता, पण आमच्या तोंडावरून काहीतरी कळलं असावं. तो म्हणाला, "काय झालं? बरं झालं का वाईट?"

आबा म्हणाले, "बरं."

मग पैशाचं आलं. मातीखालून निघालेल्या, डागाळलेल्या, धुराळलेल्या मालाची किंमत साहेबांनी एक हजार चारशे साठ धरली. म्हणजे नुकसान पाच हजार आठशे चाळीस. आबांना वाटलं आता एवढे मिळतील. विमा सहा हजारांचा होता आणि नुकसान त्याच्या आत होतं.

साहेब म्हणाले, "चार हजार आठशे."

"कावून?" आबांनी विचारलं.

"अ‍ॅव्हरेजचं कलम आहे, विम्याच्या कागदात." त्यांनी कागदावर एक लांब रेघ ओढली. "ही तुमची सात हजार तीनशेंची थप्पी. तुम्ही विमा उतरवला फक्त सहा हजारांचा. उरलेल्या तेराशेंचा विमा कुणाकडं? तुमच्याच कडं. मग आग लागली तर कंपनी एकटी भरणार नाही, तुम्हीपण भरायचं, ज्याच्या त्याच्या वाट्यानं. सात हजार तीनशेंपैकी सहा हजार कंपनीचे, म्हणून नुकसानाचा तेवढाच हिस्सा कंपनी देते."

आबांनी रेघेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "आन् माल साडेआठ हजारांचा धरला असता तर?"

साहेबांनी शांतपणे तेही करून दाखवलं. आकडा आला चार हजार नऊशे एकोणसत्तर. "माल वाढला की नुकसान वाढतं, पण तुमचा स्वतःचा वाटाही वाढतो. पावणेदोनशेंचासुद्धा फरक नाही. आणि ते पावणेदोनशे मिळाले नसतेच. माल कमी सापडला म्हणून सगळाच दावा गेला असता."

आबा त्या रेघेकडं बघत होते. त्यांना जे आठवलं ते मला नंतर वहिनीनं सांगितलं. विमा सिंहस्थाच्या सालात उतरवलेला होता, तेव्हा दुकानात माल कमी होता. दिवाळीला माल मोजून झाल्यावर दादा म्हणाला होता, आता लग्नं सुरू होणार, माल वाढणार, विमा आठ हजारांचा करू. आबा लक्ष्मीसमोर बसले होते. ते चिडले होते. "आज पूजेच्या दिवशी आगीचं बोलतुस? वाट बघतुस का आग लागायची?" दादा हसून म्हणाला होता, "बरं, न्हाई करत." आणि केला नाही.

त्या दिवसापासून आबांच्या तोंडून पुन्हा विम्याबद्दल एक शब्द निघाला नाही. एकदाच, कितीतरी महिन्यांनी, जेवताना घास हातात तसाच धरून ते म्हणाले, "आठ हजार केलं असतं तर काय बिगडलं असतं." ते पैशाबद्दल बोलत होते असं मला वाटत नाही. वहिनी उठून पाणी आणायला गेली.

अंगणातली गाठ शेवटी वहिनीनं उसवली. मी म्हटलं, राहू दे, आडत्याकडं परत पाठवू. ती म्हणाली, "नको. तलवाड्याचा बस्ता ह्यातनं होईल का बघा." झाला. त्यात हिरवी लुगडी होती. बाकीच्या जळालेल्या बस्त्यांचे पैसे आबांनी एकेका घरी जाऊन दिले. कुणी घेतले, कुणी घेतले नाहीत. तलवाड्याच्या माणसानं गाठोडं गाडीत ठेवलं, मग खाली उतरला आणि जळलेल्या दुकानाकडं तोंड करून हात जोडले. वाजतगाजत नेलं नाही. बैलांचे गोंडे त्यानं त्याआधीच सोडले होते.

एक गोष्ट मी साहेबांना विचारली होती, ते जायच्या आदल्या दिवशी. त्यांनी थप्प्या उलगडल्या तेव्हा सगळ्या जागा पाहिल्या होत्या. दादा ज्या कोपऱ्यात सापडला तिथं कुठली गाठोडी होती, कोणाच्या बस्त्यासाठी तो परत आत गेला, हे त्यांना सांगता येईल का.

"मालाचं सांगता येतं," ते म्हणाले. "त्यात आधी काय आलं, नंतर काय गेलं, ते कुठंतरी लिहिलेलं असतं." मग म्हणाले, "तिथं सगळी राख होती." त्यांनी आपल्या अहवालाची नक्कल मला वाचून दाखवली. एका ओळीत लिहिलं होतं की मालाचा हिशेब जुळतो, आणि मालकाच्या मुलाच्या वागण्यात संशयाला जागा नाही. मी ती ओळ दोनदा वाचायला लावली. त्यांनी दोन्ही वेळा तेवढ्याच सावकाश वाचली.

बाजारातली कुजबुज काही दिवस चालली, मग थांबली. पैसे आले ते बहुतेक आडत्याला गेले. मी शाळा सोडून घरी राहिलो, पण कापडाचं दुकान मला चालवता आलं नाही आणि मी ते चालवलंही नाही. कधी दुपारी दारं लावून वाचत बसलो की बाहेर कुणीतरी कापड फाडल्याचा आवाज येतो, तागा गजावर मोजून टरकावतात तसा, एका दमात. मी उठून बघत नाही. आमच्या गल्लीत आता कापडाचं दुकान नाही. वहिनीला तो आवाज येतो का, हे मी तिला विचारलेलं नाही. एकदा भाकरी थापताना तिचा हात अचानक थांबला होता आणि तिनं दाराकडं पाहिलं होतं. तेवढंच.

आबा तीन पावसाळ्यांनी गेले. दुकानाच्या जागेवर कुणीतरी तेलाचा घाणा टाकला. घरात वहिनी आहे आणि मी आहे.